तयार व्हिडिओच्या फ्रेममधून थंबनेल आणि टायटल कार्ड कसं करायचं

एडिटिंग संपलं, फाइल एक्स्पोर्ट झाली आणि आता थंबनेल करायचं आहे, अशा वेळी बहुतेक नवे लोक व्हिडिओ चालू करतात, एखादं छान दृश्य आलं की थांबवतात आणि स्क्रीनशॉट घेतात. मीही बरेच दिवस तेच करत होतो. एडिटरमध्ये सुंदर दिसलेलं चित्र फोनवर ओळखूही येत नव्हतं, रंग फिके दिसत होते आणि व्हिडिओ उघडल्यावर समोर येणारं टायटल कार्ड एखाद्या वेगळ्याच व्हिडिओचं वाटत होतं. पुढची पद्धत यातूनच हळूहळू ठरत गेली.

उदाहरण म्हणून एकच व्हिडिओ घेतो. अनेक वर्षं बंद पडलेलं, लंबक असलेलं भिंतीवरचं घड्याळ उघडायचं, साफ करायचं आणि पुन्हा सुरू करायचं, असा तो व्हिडिओ. लांबी 8 मिनिटं 40 सेकंद, आकार 1920 बाय 1080, सेकंदाला 25 फ्रेम. तुमचा विषय वेगळा असेल, पण अडचणी साधारण याच येतात.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- एडिटिंगचा मूळ प्रोजेक्ट किंवा त्यातून काढलेली सर्वांत चांगल्या दर्जाची फाइल
- फ्रेम काढण्यासाठी `ffmpeg` हा कमांड टाइप करून चालवायचा प्रोग्राम किंवा तुमच्या एडिटरमधली फ्रेम एक्स्पोर्ट करण्याची सोय
- थर, म्हणजे लेयर, वापरता येतील असा फोटो एडिटर
- पूर्ण देवनागरी असलेला एक जाड फॉन्ट (मुक्ता आणि बलू हे दोन्ही मोफत आहेत)
- एक फोन, शेवटच्या तपासणीसाठी

पहिल्या मुद्द्यावर थोडं थांबतो. वेबसाइटवर चढवून पुन्हा उतरवलेली फाइल वापरू नका. तिथे फाइल लहान करण्यासाठी व्हिडिओ पुन्हा दाबला जातो आणि त्यात सर्वांत आधी पोत जातो: लाकडाच्या रेषा, कापडाची वीण, बोटांवरच्या सुरकुत्या. हलत्या चित्रात ते जाणवत नाही, थांबलेल्या चित्रात लगेच दिसतं. कॅमेऱ्यातली कच्ची क्लिपही नको, कारण तिच्यावर रंगाचं काम झालेलं नसतं. थंबनेलमधलं घड्याळ निळसर आणि व्हिडिओतलं सोनेरी, असं झालं की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, मग त्याला ते नेमकं सांगता येवो वा न येवो.

जमलं तर प्रोजेक्टमधले सबटायटल, नावाच्या पट्ट्या आणि लोगो बंद करून एक प्रत वेगळी काढा. नाहीतर नेमक्या हव्या त्या फ्रेमवर अर्धं वाक्य चिकटलेलं सापडतं.

## 1. आधी एक प्रश्न लिहा

फ्रेम शोधायला बसण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: हा व्हिडिओ बघणाऱ्याच्या मनात शेवटपर्यंत कोणता प्रश्न असतो? घड्याळाच्या व्हिडिओत तो प्रश्न साधा आहे, "हे पुन्हा चालेल का?"

हे वाक्य नसेल तर तुम्ही सर्वांत सुंदर फ्रेम निवडाल, आणि सुंदर फ्रेम बहुधा उत्तराची असते. चकचकीत, भिंतीवर लावलेलं, चालू घड्याळ. ते बघून माणसाला आत यायचं कारण उरत नाही. थंबनेलला उत्तराच्या एक क्षण आधीची फ्रेम लागते.

## 2. सगळा व्हिडिओ एका पानावर आणा

व्हिडिओ पुढेमागे सरकवत फ्रेम शोधू नका. चालत्या व्हिडिओत आवाज, संगीत आणि पुढे काय होणार याची ओढ आपल्याला भुलवते. सगळ्या दृश्यांची लहान चित्रं एका पानावर आली की फक्त चित्र उरतं. या पानाला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात.

```
ffmpeg -i ghadyal.mp4 -vf "fps=1/8,scale=240:-1,tile=8x9" -frames:v 1 sheet.png
```

इथे दर 8 सेकंदांना एक फ्रेम घेतली आहे. 8 मिनिटं 40 सेकंद म्हणजे 520 सेकंद, म्हणून साधारण 65 चित्रं येतात आणि ती 8 स्तंभ व 9 ओळींच्या पानात मावतात. उरलेली घरं काळी राहतात. तुमचा व्हिडिओ लांब असेल तर 8 ऐवजी मोठा आकडा घ्या. चित्राची वेळ काढायची तर त्याच्या आधी किती चित्रं आहेत ते मोजा आणि 8 ने गुणा. चार-पाच सेकंदांचा फरक पडू शकतो, तेवढा चालतो.

आता ते पान स्क्रीनवर तसंच ठेवा आणि दोन पावलं मागे जा. एवढ्या लहान आकारातही काय आहे ते कळतं, अशी चित्रं टिपून ठेवा. बाकीची कितीही आवडली तरी सोडा, कारण फोनवरच्या यादीत थंबनेल जवळपास याच आकारात दिसणार आहे.

घड्याळाच्या पानावरून तीन चित्रं टिकली. पहिलं, पांढऱ्या कापडावर मांडलेले सगळे सुटे भाग, वरून घेतलेले. दुसरं, चिमट्यात धरलेलं एक गंजलेलं चक्र. तिसरं, लंबक एका बाजूला ओढून धरलेली बोटं, मागे तबकडी. मोठ्या स्क्रीनवर पहिलं चित्र अतिशय देखणं आहे, पण दोन पावलांवरून ते कापडावर सांडलेल्या दाण्यांसारखं दिसतं. दुसऱ्यात काय आहे ते कळतं, पण घड्याळ कुठेच नाही. ते चक्र सायकलचंही असू शकेल. तिसऱ्यात घड्याळ आहे, हात आहे आणि प्रश्नही आहे.

## 3. शॉट मिळाला, आता नेमकी फ्रेम

नवखे इथेच घाई करतात. शॉट बरोबर असतो, पण त्यातली चुकीची फ्रेम उचलली जाते. दोन सेकंदांच्या शॉटमध्ये 50 फ्रेम असतात आणि त्यातल्या दोन-चारच कामाच्या निघतात.

कारण साधं आहे. प्रत्येक फ्रेम टिपली जाते तेव्हा शटर काही क्षण उघडं असतं. 25 फ्रेमच्या व्हिडिओत तो काळ बरेचदा सेकंदाचा पन्नासावा भाग असतो. तेवढ्यात जे हललं ते पुसट होतं. चालत्या व्हिडिओत हा पुसटपणा हवाच असतो, त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते. थांबलेल्या चित्रात मात्र तो डाग वाटतो.

लंबकाकडे नीट बघितलं तर उपाय तिथेच सापडतो. मधोमध येतो तेव्हा लंबकाचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि दोन्ही टोकांना वळताना क्षणभर शून्य. साधारण 25 सेंटिमीटर लांबीचा लंबक एक पूर्ण झोका सुमारे एका सेकंदात घेतो, म्हणजे आपल्या व्हिडिओत 25 फ्रेममध्ये. त्यातल्या टोकाजवळच्या मोजक्या फ्रेममध्येच तो रेखीव दिसतो. प्रत्येक हालचालीला असं वळण असतं. हातोडा वर जाऊन खाली येण्याआधी थांबतो, बोलणारा वाक्य संपवून श्वास घेतो, वळणारं डोकं वळून स्थिरावतं. फ्रेम तिथे शोधा. बोलणाऱ्या माणसाची फ्रेम हवी असेल तर शब्दाच्या मधली कधीच घेऊ नका. ओठ वेडेवाकडे असतात आणि डोळे बरेचदा अर्धे मिटलेले.

त्या शॉटच्या सगळ्या फ्रेम वेगळ्या काढायच्या तर:

```
ffmpeg -ss 00:07:52 -i ghadyal.mp4 -t 2 frame_%03d.png
```

7 मिनिटं 52 सेकंदांपासून पुढच्या दोन सेकंदांच्या 50 फ्रेम फोल्डरमध्ये जमा होतील. त्या एकामागून एक पूर्ण आकारात बघा. माझ्या उदाहरणात बोटं लंबकाला टेकलेली आहेत, पण पकड सैल झालेली आहे, अशी फ्रेम निवडली. तिच्या दोन फ्रेम आधी मूठ घट्ट होती आणि नुसतं धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. दोन फ्रेम नंतर लंबक सुटून पुसट झाला होता. एवढा बारीक फरक असतो, म्हणून सगळ्या फ्रेम काढायच्या.

निवडलेल्या फ्रेममध्ये दोन गोष्टी तपासा. एक, ती दोन शॉट एकमेकांत मिसळतात त्या जागेची तर नाही ना? तिथे मागच्या दृश्याची पुसट सावली राहते आणि ती काढता येत नाही. दोन, फ्रेम व्हिडिओपेक्षा धुरकट दिसते का? काळा भाग राखाडी आणि पांढरा भाग मळकट वाटत असेल तर बहुधा व्हिडिओची पातळी चुकीची वाचली गेली आहे. व्हिडिओत काळं ते पांढरं सहसा 16 ते 235 या आकड्यांत साठवलेलं असतं, फोटोत 0 ते 255. मधलं रूपांतर राहून गेलं की धुरकटपणा येतो. अशा फ्रेमवर कॉन्ट्रास्ट चढवत बसू नका. ती एडिटरच्या टाइमलाइनवरून पुन्हा एक्स्पोर्ट करा.

चित्रात दुसऱ्या कुणाचा चेहरा असेल तर त्या व्यक्तीला आत्ताच विचारा. व्हिडिओत असायला होकार दिलेल्या माणसाला थंबनेलवर असणं आवडेलच असं नाही.

## 4. कापणं आणि उजळणं

यूट्यूबसाठी थंबनेल 1280 बाय 720 पिक्सेलचं करतात, म्हणजे 16:9 या प्रमाणात. तुमची फ्रेम 1920 रुंद आहे, म्हणून रुंदीचा दोन-तृतीयांश भाग ठेवून बाकीचं कापलं तरी चित्र ताणावं लागत नाही. त्याहून जास्त कापलं की पिक्सेल फुगवावे लागतात आणि कडा मऊ पडतात. 4K मध्ये चित्रीकरण असेल तर एक-तृतीयांश रुंदीपर्यंत जाता येतं.

कापताना खालचा उजवा कोपरा मोकळा सोडा, कारण व्हिडिओच्या लांबीचा आकडा तिथे येऊन बसतो. घड्याळाच्या फ्रेममध्ये बोटं नेमकी त्याच कोपऱ्यात येत होती, म्हणून चौकट थोडी उजवीकडे आणि खाली सरकवून बोटं मधल्या रेषेच्या जवळ आणली. तळाशी अगदी चिकटून काही ठेवू नका. व्हिडिओ थोडा बघून सोडलेल्यांना तिथे लाल पट्टी दिसते.

उजळताना सगळं चित्र एकदम उजळू नका. नजर जिथे जायला हवी तो भाग थोडा उजळा आणि बाकीचा थोडा दाबा. मी बोटं आणि लंबक थोडे वर नेले, मागची भिंत बरीच खाली आणली आणि तबकडी होती तशीच ठेवली. मग चित्र पूर्ण कृष्णधवल करून बघा. रंग काढल्यावरही लंबक भिंतीपासून सुटा दिसत असेल तर काम झालं. दिसत नसेल तर आतापर्यंत फक्त रंगाचा फरक त्याला वेगळं दाखवत होता, आणि लहान स्क्रीनवर, उन्हात, तो फरक टिकत नाही.

दोन वेगळ्या फ्रेममधले भाग जोडून एक चित्र करावं का, असं बरेच जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: व्हिडिओत जे एकत्र कधी दिसत नाही ते थंबनेलमध्ये एकत्र दाखवू नका. भिंत गडद करणं वेगळं आणि न घडलेला क्षण तयार करणं वेगळं. फसवं थंबनेल यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही.

## 5. अक्षरं

जास्तीत जास्त तीन शब्द. व्हिडिओचं शीर्षक थंबनेलखाली छापलेलं असतंच, तेच पुन्हा चित्रावर लिहून जागा घालवू नका. माझ्या व्हिडिओचं शीर्षक "बंद पडलेल्या लंबकाच्या घड्याळाची दुरुस्ती" असं होतं, म्हणून चित्रावर फक्त "चालेल का?" एवढंच लिहिलं.

देवनागरीत तीन ठिकाणी गडबड होते. काही प्रोग्राममध्ये जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. म्हणून काम सुरू करतानाच "किती", "प्रश्न", "दुरुस्ती" हे तीन शब्द टाइप करून बघा. फोटोशॉपमध्ये असं झालं तर मजकुराच्या सेटिंगमध्ये `World-Ready Layout` निवडा. दुसरी गडबड जाडीची. अतिजाड वजनात क्ष, ज्ञ, श्र यांच्या आतली पोकळी बुजते आणि लहान आकारात नुसता काळा ठिपका उरतो. सर्वांत जाड वजनापेक्षा एक पायरी कमी घ्या. तिसरी गडबड ओळींमधल्या अंतराची. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकतात, म्हणून दोन ओळी असतील तर अंतर हाताने वाढवा.

आता चित्र 160 पिक्सेल रुंद करा, फोनवर पाठवा आणि हात लांब करून बघा. शब्द वाचता आले नाहीत तर आधी शब्द कमी करा, अक्षरं त्यानंतर मोठी करा.

## 6. टायटल कार्ड

थंबनेल बघून आलेला माणूस पहिल्या काही सेकंदांत नकळत एकच गोष्ट तपासतो: मी ज्यासाठी आलो ते हेच का? याला "हो" म्हणणं हे टायटल कार्डचं काम आहे. म्हणून दोन्हींत तेच घड्याळ, तोच फॉन्ट आणि अक्षरांचा तोच रंग ठेवा.

फ्रेम मात्र तीच वापरू नका. बघणाऱ्याने ती आत्ताच पाहिली आहे. शिवाय लंबक सोडण्याचा क्षण सुरुवातीलाच पुन्हा दाखवला तर आठव्या मिनिटाला तो आल्यावर त्याची धार गेलेली असते. कार्डसाठी कथेतला आधीचा क्षण घ्या. मी बंद घड्याळाच्या तबकडीचा शॉट घेतला, ज्यात डावीकडचा जवळजवळ अर्धा भाग नुसती भिंत होती. अक्षरांना अशी रिकामी जागा लागते. ती फ्रेममध्येच असली की काळी पट्टी टाकावी लागत नाही.

एक फ्रेम गोठवून त्यावर अक्षरं टाकणं सोपं असतं, पण त्यात एक खोड आहे. कमी उजेडातल्या व्हिडिओत बारीक ठिपक्यांचा रवा सतत हलत असतो. फ्रेम गोठली की तो रवाही गोठतो आणि काचेवर धूळ बसल्यासारखी दिसते. कार्ड संपून पुढचा शॉट सुरू झाला की चित्र एकदम जिवंत झाल्याचा झटका बसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल आणि वस्तू स्थिर असेल तर फ्रेम गोठवूच नका, चालू शॉटचेच तीन सेकंद वापरा. बंद घड्याळ हलत नाही, म्हणून इथे ते सहज जमलं. गोठवणं भागच असेल तर वरून थोडा हलता रवा टाका, आणि चित्र तीन सेकंदांत 100 वरून 103 टक्क्यांपर्यंत हळूच मोठं होऊ द्या.

कार्डवर व्हिडिओचं नाव आणि हवं असेल तर एक छोटी ओळ, एवढंच. अक्षरं कडेपासून आत ठेवा. 1920 बाय 1080 मध्ये डावी-उजवीकडे 96 आणि वर-खाली 54 पिक्सेल, म्हणजे प्रत्येक बाजूला पाच टक्के, एवढं सोडलं की सहसा टीव्हीवर अक्षरं कापली जात नाहीत. किती वेळ ठेवायचं ते घड्याळ लावून ठरवा: मजकूर मनात सावकाश दोनदा वाचून होईल तेवढा वेळ. माझ्या पाच शब्दांना तीन सेकंद, म्हणजे 75 फ्रेम लागल्या. अक्षरं 8 ते 10 फ्रेममध्ये उमटू द्या आणि तेवढ्यातच मावळू द्या. मागचं चित्र मात्र उमटवू नका, ते थेट कापून आणा.

कार्ड अगदी पहिल्या सेकंदाला हवंच असं नाही. घड्याळाच्या व्हिडिओत आधी 12 सेकंद नुसती कृती ठेवली: हात किल्ली फिरवतो, काहीच होत नाही, हात थांबतो. मग कार्ड आलं. खोलीचा आवाज कार्डखालीही चालू ठेवला. आवाज कार्डाशी तुटला की तिथे व्हिडिओ थांबल्यासारखा वाटतो आणि बोट पुढे सरकवायला जातं.

व्हिडिओची सुरुवात काळ्या पडद्यातून उमलणारी असेल तर ती काढून टाका. फाइल थेट कुणाला पाठवली की बरीच अ‍ॅप्स पहिलीच फ्रेम झलक म्हणून दाखवतात, आणि तिथे काळा चौकोन येतो.

## 7. चढवणं आणि नंतर बघणं

थंबनेल जेपीजीमध्ये, 2 एमबीच्या आत जतन करा. 1280 बाय 720 च्या चित्राला त्यासाठी दर्जा फारसा उतरवावा लागत नाही. स्वतःचं थंबनेल लावण्याची सोय दिसत नसेल तर यूट्यूबवर आधी फोन नंबरची पडताळणी करावी लागते. लेयर असलेली मूळ फाइल आणि निवडलेल्या फ्रेमची पीएनजी व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवा, नावात वेळ लिहून, म्हणजे `frame_07-52.png` अशी.

काही दिवसांनी दोन आकडे एकत्र बघा: थंबनेल दिसलेल्यांपैकी किती जणांनी उघडलं आणि पहिल्या 30 सेकंदांनंतर किती जण टिकले. उघडणारे कमी असतील तर पायरी 2 वर टिपलेल्या दुसऱ्या चित्रापासून नवं थंबनेल करा. उघडणारे भरपूर आणि टिकणारे थोडे असतील तर थंबनेलला हात लावण्याआधी सुरुवात तपासा. आलेखात घसरण नेमकी कार्डच्या सेकंदांवर दिसत असेल तर कार्ड लहान करून पुढच्या व्हिडिओत दोन सेकंदांचं ठेवून बघा. घसरण कार्डच्या आधीच असेल तर थंबनेलमधली वस्तू पहिल्या पाच सेकंदांत पडद्यावर येते का, ते बघा.